कथा: भाऊबीजेनंतरचा समुद्र (पाण्यातल्या जाणकारांनी वाचून सांगावं)

गोदाकाठची

माझा भाचा गेल्या वर्षी कोकणात एका किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून लागला. पंचवटीतला पोरगा, गोदावरीत पोहायला शिकलेला. दिवाळीत मी चार दिवस त्याच्याकडे जाऊन राहिले होते. त्याने जे सांगितलं आणि मी तिथे बसून जे पाहिलं, त्यावरून ही कथा लिहिली आहे. श्रावण संपायच्या आत एका दिवाळी अंकाला पाठवायची आहे. मला स्वतःला पोहता येत नाही, म्हणून पाण्यातलं काही चुकलं असेल तर मोकळेपणाने सांगा. दोन जागांची मला धाकधूक आहे: केतन ओढीतून परत येतो तो भाग, आणि मुलाला बाहेर काढल्यानंतरचा भाग.

कथा अशी:

केतनचा तो सातवा दिवस. दीड किलोमीटर किनारा आणि माणसं दोन, तो आणि रघुदादा. भाऊबीज काल झाली होती. आज गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुरूच्या बनापर्यंत लागल्या होत्या. घोडे, उंट, भज्यांचा वास, लहान मुलांचे फुगे, आणि पाण्यात गुडघ्यापासून छातीपर्यंत नुसती डोकीच डोकी.

"आज तीज," रघुदादा सकाळी म्हणाला होता. "तिथीची पाऊणपट कर. सव्वादोनला भरती भरेल. मग पाणी उतरायला लागलं की त्या मधल्या पट्ट्यावर नजर ठेव. चार ते सहा तिथून हलायचं नाही."

मधला पट्टा केतनला पहिल्या दिवशी दिसलाच नव्हता. दोन्हीकडे लाटा फुटून पांढऱ्या होत होत्या आणि मधे वीसेक पावलांची जागा शांत, जराशी गडद. लाट तिथे फुटायचीच नाही. घरी आलेल्या पाहुण्याला सतरंजी घालून द्यावी तसं ते पाणी लोकांना बोलवायचं. आया लहान मुलांना हाताला धरून नेमक्या तिथेच आणायच्या, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. त्या दोघांनी तिथे लाल झेंडा रोवला होता. झेंड्याला एकाने टॉवेल वाळत घातला होता.

पावणेपाचला उजवीकडे आरडाओरडा झाला. तीन कॉलेजची पोरं हात वर करून "वाचवा, वाचवा" ओरडत होती आणि चौथा मोबाइल धरून उभा होता. केतनने शिट्टी मारली. पोरं हसली. त्याने मान वळवली, आणि वळवता वळवता त्याला तो दिसला.

निळा शर्ट. तेरा-चौदा वर्षांचा. किनाऱ्यापासून साठेक मीटरवर, पट्ट्याच्या तोंडाशी. ओरडत नव्हता. हात हलवत नव्हता. तोंड आभाळाकडे, आणि कपाळावरचे ओले केस डोळ्यांवर आलेले. केतन ते केस बघत राहिला. एक लाट गेली. केस डोळ्यांवरच. दुसरी गेली. मुलाने ते मागे सारले नाहीत.

डोळ्यांवर आलेले केस माणूस मागे सारतोच.

केतनने मुलाच्या मागे बघितलं. नांगरलेली हिरवी होडी आणि तिच्या डाव्या अंगाला खडकाचं टोक. त्या रेषेत. त्याने रघुदादाला हाक मारली, लाल रेस्क्यू ट्यूबचा पट्टा खांद्यावरून घेतला आणि पळाला. बाजूच्या लाटांत न शिरता तो त्या शांत पट्ट्यातच शिरला. कमरेएवढ्या पाण्यात पायाखालची वाळू सरकली आणि पाण्याने त्याला उचललं. तो जेवढं पोहत होता त्याच्या दुप्पट पुढे जात होता.

निळा शर्ट एकदा खाली गेला. होडी आणि खडक. केतन त्या रेषेवर राहिला. शर्ट वर आला.

"हे धर!" त्याने ट्यूब पुढे ढकलली. मुलाने ट्यूब धरली नाही. त्याने केतनचा गळा धरला. त्या एवढ्याशा हातांत एवढी ताकद कुठून आली ते केतनला कळलं नाही. त्याने श्वास घेतला आणि मुलासकट खाली गेला. पाण्याखाली जाताच हात सुटले. केतन मागच्या बाजूने वर आला, मुलाच्या काखांखालून ट्यूब घातली, पाठीमागे कडी अडकवली, आणि किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला लागला.

दहा हात. वीस. किनाऱ्यावर एक लाल छत्रीची टपरी होती. तीस. चाळीस. छत्री होती तेवढीच होती.

मुलगा मागे खोकत होता. केतनचे खांदे पेटले होते. आणि मग त्याला रामकुंडाच्या खालच्या अंगाला उभे राहून ओरडणारे आजोबा आठवले. पुराच्या पाण्यात पोरांनी समोरच्या घाटाकडे सरळ तोंड केलं की आजोबा काठावरून ओरडायचे: "तिरपा नीघ, तिरपा!"

त्याने किनाऱ्याकडे पाठ केली नाही, फक्त खांदा उजवीकडे वळवला, जिकडे पाणी पांढरं फुटत होतं. वीस-पंचवीस हात. पहिली लाट डोक्यावरून गेली. दुसरीने दोघांना उचलून पुढे टाकलं. तिसऱ्या लाटेनंतर त्याच्या अंगठ्याला वाळू लागली.

काठावर रघुदादाने एका माणसाला कमरेत मिठी मारून धरलं होतं. तो मुलाचा बाप होता. त्याला पोहता येत नव्हतं आणि तो छातीएवढ्या पाण्यापर्यंत गेला होता.

मुलाच्या तोंडाशी फेस होता. कुणी म्हणालं उलटा धरा, कुणी म्हणालं पोट दाबा. रघुदादाने सगळ्यांना मागे सारलं आणि मुलाला कुशीवर वळवलं. मुलगा ओकला, खोकला, आणि आईकडे बघून रडायला लागला. बापाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्यालाच घट्ट धरून खाली बसला. त्यांच्यातला एक काका म्हणाला, "चला, झालं. गरम चहा पाजू आणि निघू. रात्री दहापर्यंत घरी पोचतो."

केतन मनोऱ्याकडे परत आला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मधल्या पट्ट्यात एक बाई दोन मुलांना हाताला धरून उतरत होती. केतनने शिट्टी मारली.

---

तलावातले_काका

ताई, चाळीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलं, त्यातली बरीच त्र्यंबक रोडच्या तलावावर. समुद्रावरही पाच उन्हाळे काढले आहेत. तुमच्या कथेतले केस वाचून मी थांबलो. बुडणाऱ्याची खरी खूण हीच. लोकांना वाटतं बुडणारा हात हलवतो, हाका मारतो. ज्याला हाक मारता येते त्याला श्वास घेता येतो आहे. खरा बुडणारा उभाच्या उभा असतो, पाय मारत नाही, दोन्ही हात आडवे पसरून पाण्यावर दाबत असतो, कारण त्याचं शरीर त्याला तोंड वर ठेवण्यापलीकडे काही करू देत नाही. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरच्या फ्रँक पिया या जीवरक्षकाने हे चित्रफितींवरून नीट मांडलं. वीस सेकंद ते एक मिनिट, एवढाच वेळ असतो त्या अवस्थेत. म्हणून तुमच्या केतनने दोन लाटा केस बघण्यात घालवल्या तिथे माझा जीव वर-खाली झाला. पण पहिल्या वेळी दोन लाटा जातातच. ते काढू नका.

आता तुमची पहिली धाकधूक. चाळीस हात मारूनही छत्री तेवढीच राहिली, हे अगदी बरोबर आहे, आणि का ते सांगतो. चांगला पोरगा तलावात ५० मीटर चाळीस सेकंदांत जातो, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. मागे ट्यूबवर माणूस असला की ते निम्म्यावर येतं, साधारण साठ सेंटिमीटर. मध्यम रिप करंटही सेकंदाला अर्धा मीटर बाहेर ओढतो. उरलं काय? काहीच नाही. जोरदार असेल तर तो सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, तिथे ऑलिंपिकवालाही सरळ येऊ शकत नाही. पण हा पट्टा अरुंद असतो. तुम्ही वीस पावलं लिहिलं आहे. तेवढंच आडवं अंतर कापायचं असतं, आणि आडव्या दिशेला ओढ तुमच्या विरुद्ध नसते.

एक दुरुस्ती मात्र कराच. ट्यूब हाताच्या लांबीवर पुढे धरून, मुलाच्या छातीला टेकेल अशी द्यायची आणि आपण मागे राहायचं. केतन फार जवळ गेला म्हणून गळा सापडला. तो चुकला असं दाखवायचं असेल तर ठेवा, पण त्याला ती चूक कळलेली दिसू दे. खाली गेल्यावर हात सुटतात हे खरं आहे. बुडणाऱ्याला वर जायचं असतं, तुमच्याबरोबर खाली नाही.

नांदूरनाका_सतीश

छान लिहिलंय ताई. पण मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे समुद्राची ओढ माणसाला खाली खेचते, तळाशी नेते. हे तुमच्या कथेत आलंच नाही. दुसरं, त्या मुलाच्या पोटातलं पाणी काढायला पाहिजे होतं. माझ्या चुलत्यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला एका पोराला असंच वाचवलं होतं. उलटा पाडून पोट दाबलं, भसाभसा पाणी आलं आणि पोरगं उठून बसलं. मी स्वतः पाहिलं आहे. एक मात्र शंभर टक्के बरोबर लिहिलंय, बापाला धरून ठेवलं ते. वाचवायला गेलेलाच आधी जातो.

तलावातले_काका

सतीशराव, बापाबद्दल तुम्ही अगदी बरोबर. ओढीबद्दल मात्र नाही. लाटांनी काठावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूच्या पाण्याखालच्या बांधाला जिथे खिंड असते तिथून ते सगळं एकत्र बाहेर पळतं. खिंडीत खोली जास्त, म्हणून लाट फुटत नाही आणि पाणी शांत दिसतं. ते माणसाला बाहेर नेतं, खाली नाही. माणूस खाली जातो तो दमल्यामुळे, किनाऱ्याकडे सरळ पोहून पोहून. पाय खेचल्यासारखे वाटतात ते लाट परत फिरताना, पण तेवढ्यापुरतेच. हा फरक जीव वाचवतो. ज्याला वाटतं आपण खाली ओढले जातोय तो घाबरून झटापट करतो. ज्याला माहीत आहे की आपण फक्त बाहेर जातोय, तो पाठीवर पडून श्वास घेऊ शकतो.

रात्रपाळी

मी एका रुग्णालयात अपघात विभागात काम करते. पोटाबद्दल मला बोलू दे, कारण ही समजूत मला महिन्यातून एकदा तरी भेटते.

सतीशदादा, तुमच्या चुलत्यांनी ते पोर वाचवलं, पण त्यांनी त्याला पाण्याबाहेर काढलं म्हणून ते वाचलं. पोट दाबल्यावर जे भसाभसा आलं ते जठरातलं होतं. फुप्फुसातलं पाणी तसं निघत नाही, आणि जठरातलं वर आलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट. बुडालेल्याला हवी असते ती हवा. श्वास चालू असेल तर कुशीवर, जसं रघुदादाने केलं. श्वास नसेल तर सरळ पाठीवर झोपवून आधी तोंडाने श्वास द्यायचे, आणि मग तीस वेळा छाती दाबायची, दोन श्वास, पुन्हा तीस. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाची आधी छाती दाबतात, बुडालेल्याला आधी श्वास, कारण त्याचं हृदय हवेवाचून थांबलेलं असतं. सुरुवातीचे श्वास किती, यावर दोन पद्धती आहेत. युरोपातले पाच म्हणतात, अमेरिकेतले दोन. मला पाच शिकवले गेले. तोंडाशी फेस असला तर तो पुसत बसायचं नाही, तो येतच राहतो, त्यातूनच श्वास द्यायचे.

ताई, तुमची दुसरी धाकधूक खरी आहे, पण तुम्हाला वाटते त्या जागी नाही. रघुदादाने केलं ते ठीक आहे. मला भीती वाटली ती त्या काकांच्या चहाची. तोंडाशी फेस आलेला, ओकलेला मुलगा, आणि त्याला गाडीत घालून रात्री दहापर्यंत घाटातून नाशिकला आणायचं? फुप्फुसात थोडंसं पाणी गेलं तरी पुढच्या काही तासांत श्वास बिघडू शकतो. अशा मुलाला चार ते आठ तास नजरेखाली ठेवतात, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून. माझ्याकडे एकदा एक मुलगी आली होती, शेततळ्यातून काढलेली. घरच्यांनी तिला दुपारी जेवू घालून झोपवलं होतं. दमली असेल म्हणाले. संध्याकाळी आणली तेव्हा ती मिनिटाला पन्नास श्वास घेत होती आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ती वाचली. पण मला ती दुपार कधीकधी आठवते.

खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतो, मूल सुस्त होतं किंवा विचित्र वागतं, यातलं एक जरी दिसलं तरी १०८. तुमच्या कथेत तर फेस होता, म्हणजे वाट बघायचीच नाही.

गोदाकाठची

रात्रपाळीताई, चहाचं वाक्य मी भाच्याकडून जसंच्या तसं घेतलं आहे. ते लोक खरोखर निघून गेले होते. पुढे काय झालं ते त्याला कळलं नाही. तो अजूनही ते बोलतो. मला कथेत ते तसंच ठेवायचं होतं, पण तुमचं वाचल्यावर वाटतंय की वाचणाऱ्याला चहा बरोबर वाटला तर मी चुकीचं शिकवलं.

भटकंती_इंदिरानगर

मस्त! कुठला बीच आहे हा? आम्ही भाऊबीज करून लगेच निघायचं म्हणतोय, तीन कुटुंबं, पाच मुलं. गर्दी कमी आणि पाणी शांत असलेली जागा सांगा. नाशिकहून कसारा घाटातून जावं की पुण्यावरून?

गोदाकाठची

किनाऱ्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण असा पट्टा जवळजवळ प्रत्येक वाळूच्या किनाऱ्यावर कुठे ना कुठे असतो. आणि दादा, "पाणी शांत असलेली जागा" हेच तर कथेत आहे. कृपा करून एकदा पूर्ण वाचा.

दर्यावरचा_नाशिककर

भटकंतीदादा, मी जन्माने रत्नागिरीकडचा, नोकरीने सातपूरचा. रस्त्याचं दुसरा कुणी सांगेल, वेळेचं मी सांगतो. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या आसपास भरती भरेल, आणि साधारण साडेसातपर्यंत ओहोटी. तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार म्हणजे तीज, सव्वादोन. कृष्ण पक्षातही तिथी पुन्हा एकपासून धरायची, हिशोब तोच. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. शिवाय अमावास्येच्या जवळचे दिवस उधाणाचे, पाणी जास्त चढतं आणि जास्त वेगाने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा जरा नरम. मुलांना घेऊन पाण्यात जायचंच तर भरती चढत असताना, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, गुडघ्यापर्यंत. पाणी उतरायला लागलं की बाहेर. आमच्याकडे आजी भरती उलटली की अंगणातून हाका मारायची.

आता कथेबद्दल. रघुदादा पुण्याच्या माणसासारखा बोलतो. तो तिथला असेल तर असं नाही बोलणार.

आणि काकांशी एक मतभेद. आमच्याकडचे जुने लोक आडवं पोहा असं सांगत नाहीत. ते सांगतात, काही करू नको, पाठीवर पड, हात वर कर. दर्या नेतो आणि दर्याच आणतो. मी स्वतः दहावीत असताना असा गेलो होतो. सात-आठ मिनिटांत फिरून पुन्हा लाटांत आलो. पोहलो असतो तर दमलो असतो.

तलावातले_काका

मी याला विरोध करणार नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जीपीएस लावलेले तरंगते डबे ओढीत सोडून पाहिले गेले आहेत. त्यातले बरेचसे गोल फिरून लाटांच्या पट्ट्यातच परत आले. म्हणजे तुमच्या आजीच्या गावाला हे आधीच माहीत होतं. पण सगळेच डबे परत आले नाहीत, काही बाहेर गेले. कोणता पट्टा फिरवून आणेल आणि कोणता बाहेर टाकेल हे आत असलेल्या माणसाला कळत नाही. शिवाय पाणी गोल फिरत असेल तर एका बाजूला आडवं पोहणं पुन्हा ओढीच्या तोंडी नेऊ शकतं. म्हणून मी आता मुलांना सांगतो, आधी तरंगा आणि हात वर करा. दम आला की आडवे जा. एका बाजूला जमत नसेल तर दुसरीकडे. पाठीवर तरंगता न येणाऱ्याला यातलं काहीच उपयोगाचं नाही, आणि आपल्याकडे पाण्यात उतरणाऱ्यांतले बहुतेक तसेच.

केतनचं वेगळं आहे. त्याच्याकडे ट्यूब आहे आणि मुलगा खोकतोय. त्याने सात मिनिटं तरंगत थांबावं का? मी निघालो असतो.

दर्यावरचा_नाशिककर

मी थांबलो असतो. ट्यूबवर दोघं तरंगतात, मुलाचं तोंड पाण्याबाहेर आहे. रघुदादा होडीवाल्याला पाठवू शकला असता. कथेत होडी तिथेच नांगरलेली आहे!

तलावातले_काका

होडी नांगरलेली आहे, पण माणूस तिच्यात आहे असं ताईंनी लिहिलेलं नाही.

मखमलाबादकर

मी इथे फार लिहीत नाही. बापाला कमरेत धरलं ते वाक्य वाचून उठून गेले होते, आता परत आले.

माझा धाकटा भाऊ बंधाऱ्याखाली गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पावसाळ्याच्या शेवटी पाणी भिंतीवरून पातळ पडत होतं, वीतभर. खाली फेस होता, बाकी पाणी शांत. तो तिथे उतरला आणि वर आला, खाली गेला, वर आला, भिंतीकडेच. मी धावले. माझ्या मामाने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि मी त्याच्या हाताला चावले. त्याने सोडलं नाही. पुढे बारा वर्षं मी त्याच्याशी नीट बोलले नाही.

काका, मला एवढंच विचारायचं आहे. मी गेले असते तर?

तलावातले_काका

ताई, भिंतीवरून पडणारं पाणी खालचं पाणी वरच्या बाजूने परत भिंतीकडे ओढतं. जे आत सापडतं ते गोल फिरत राहतं. लाकडाचा ओंडका दोन-दोन दिवस तिथे फिरताना मी पाहिला आहे. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते म्हणून माणूस तरंगतही नाही. तिथे पट्टीचा पोहणारा गेला तरी येत नाही. दोर, बांबू, फुगवलेली ट्यूब, जे काही असेल ते काठावरून टाकायचं, एवढंच करता येतं. तुम्ही गेला असता तर तुमच्या मामांना दोघांना शोधावं लागलं असतं.

मखमलाबादकर

मामा गेल्या वर्षी गेले. त्याच्या मनगटावर तो वण होता.

रात्रपाळी

ताई, मी इथे आहे. हवं तर वेगळा निरोप पाठवा.

शब्दवेडा_पंचवटी

हे सगळं वाचल्यावर कथेबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण गोदाकाठचीने विचारलं आहे म्हणून लिहितो. बापाला धरणारा रघुदादा हा कथेचा दुसरा बचाव आहे, आणि तो तू तीन वाक्यांत संपवलास. केतन मुलाला आणतो, पण रघुदादा एक माणूस पाण्यात जाण्यापासून वाचवतो आणि त्याबद्दल त्याला कुणी काही म्हणत नाही. बहुधा शिव्याच मिळतात. तिथे थांब.

सतरंजीची उपमा काढ. पाणी शांत आणि गडद आहे, आया मुलांना तिथे आणतात, एवढं पुरे आहे. टॉवेल मात्र ठेव. "डोळ्यांवर आलेले केस माणूस मागे सारतोच" हेही काढ असं म्हणणार होतो, पण काकांचं वाचल्यावर राहू दे. हे वाक्य एखाद्या बापाच्या लक्षात राहिलं तर बरं.

नांदूरनाका_सतीश

रात्रपाळीताई, मी काल चुलत्यांना फोन केला. ते म्हणतात पोट दाबायच्या आधीच पोरगं खोकत होतं. मला ते आठवत नव्हतं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ओढीबद्दल मात्र मला अजून पटलेलं नाही, मला पायाला खेच जाणवली होती. पण पोटाचं मागे घेतो.

भटकंती_इंदिरानगर

कथा पूर्ण वाचली. बायकोलाही वाचून दाखवली. आम्ही जाणार आहोत, पण मुलांना पाण्यात सकाळीच नेऊ, म्हणजे पाणी चढत असताना. एक विचारायचं होतं, किनाऱ्यावर जीवरक्षकच नसेल तर?

दर्यावरचा_नाशिककर

मग पाण्यात जाऊ नका. वाळूत किल्ले करा. बरोबर रिकामे पाच लिटरचे दोन कॅन झाकण घट्ट लावून आणि वीस मीटर दोर ठेवा, कुणी गेलंच तर काठावरून टाकायला. आत शिरायला नाही.

गोदाकाठची

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. तीन बदल केले. सतरंजी काढली. गळा धरल्याच्या जागी आता "ट्यूब त्याने हातभर लांब धरायला हवी होती, हे त्याला गळा आवळला गेल्यावर आठवलं" असं आहे. आणि शेवट असा:

रघुदादाने बापाला सोडलं तेव्हा बापाने त्याच्या थोबाडीत मारली. "माझं पोर जात होतं आणि तू मला धरतोस?" रघुदादाने गाल चोळला नाही. तो गुडघ्यांवर बसून मुलाला कुशीवर वळवत होता. काका चहाचं म्हणाले तेव्हा तो वर न बघता म्हणाला, "चहा नाही. दवाखाना. फोन लावलाय." ते थांबले नाहीत. रघुदादा गाडीमागे रस्त्यापर्यंत धावत गेला, काचेवर हात मारत. गाडीचा नंबर त्याने वाळूत लिहिला आणि मग पुसला, कारण तो कुणाला सांगायचा हे त्याला कळलं नाही.

थांबावं की निघावं यावर काका आणि दर्यावरचे दादा यांचं जमलं नाही, तेव्हा केतनला मी त्याच्या मनाप्रमाणे निघू दिलं आहे. रघुदादाची बोली मला येत नाही. खोटी लिहिण्यापेक्षा साधी ठेवते.

पावसाळ्यात तिथला किनारा बंद असतो, त्यामुळे भाचा सध्या घरीच आहे. काल गोदावरीला पाणी आलं, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत. आम्ही दोघं घाटावर उभे होतो तेव्हा त्याला नवीन शेवट वाचून दाखवला. बराच वेळ तो पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, एक राहिलं. शिट्टी. मी पळालो तेव्हा ती दातांतच होती. पूर्ण वेळ. किनाऱ्यावर आल्यावर तोंड उघडेना. रघुदादाने बोटं घालून काढली."

तेही घातलं आहे.